व्यवस्थापकांसमोरच्या वीस मिनिटांची तयारी: एका मनोविकारतज्ज्ञाचा अनुभव

पुण्याजवळच्या एका उद्योगसमूहाने कार्यालयातील आणि कारखान्यातील व्यवस्थापकांसाठी मानसिक आरोग्यावर एक दिवसाची कार्यशाळा ठेवली होती. तिच्या आरंभीचे वीस मिनिटांचे भाषण माझ्याकडे आले. याआधी दुसऱ्या एका कार्यालयात मी असेच भाषण केले होते आणि त्यात काय चुकले, ते मला नंतर कळले. त्या वेळी मी नैराश्य, चिंताविकार, व्यसनाधीनता अशी एकेका आजाराची लक्षणे पडद्यावर दाखवत गेले होते. चार दिवसांनी तिथल्या एका विभागप्रमुखांनी मनुष्यबळ विभागाकडे पाच जणांची यादी पाठवली आणि प्रत्येक नावापुढे स्वतःच निदान लिहिले. ती यादी बऱ्याच जणांच्या नजरेखालून गेली आणि त्यातील एका महिलेकडे ठरलेल्या बढतीआधी प्रकृतीचे प्रमाणपत्र मागितले गेले. त्या विभागप्रमुखांचा हेतू वाईट नव्हता. मी जे शिकवले होते, तेच त्यांनी केले होते.

म्हणून या वेळी लक्षणांची यादी काढून टाकली आणि भाषण लिहिण्याआधी कारखान्यात एक दिवस काढला. मशीन शॉपमधल्या एका जुन्या सुपरवायझरांनी मला विचारले, "डॉक्टर, कुणाच्या मनात काय चाललंय, ते आम्हाला कसं कळणार?" त्यांच्याच हाताखालच्या एका ऑपरेटरची हकिगत त्यांनी पुढे सांगितली. त्या ऑपरेटरच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हीच हकिगत मी भाषणाच्या केंद्रस्थानी ठेवली.

हे गृहस्थ सीएनसी लेथवर चौदा वर्षे काम करत होते. त्यांच्या हातून एका पाळीत एखाद-दुसरा नग रिजेक्ट होत असे; तीन आठवड्यांत हे प्रमाण आठ-नऊ नगांवर गेले. वेळेच्या आधी येणारा माणूस वीस मिनिटे उशिरा येऊ लागला आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता एकटाच बसू लागला. सुपरवायझरांनी दोन मेमो दिले आणि दुसऱ्या मेमोनंतर हे गृहस्थ सहा दिवस कामावर आलेच नाहीत. त्यांनी स्वतः मला जे सांगितले, ते मी भाषणात जसेच्या तसे वाचले: "पहाटे तीनला जाग यायची, मग डोळा लागायचा नाही. मायक्रोमीटरचं रीडिंग बघायचो आणि शीटवर लिहीपर्यंत विसरून जायचो. परत मोजायचो, परत विसरायचो." नैराश्यात एकाग्रता आणि तात्पुरती स्मरणशक्ती कशी ढासळते, हे यापेक्षा स्पष्ट मला सांगता आले नसते. बाहेरून मात्र ते निष्काळजीपणासारखेच दिसते आणि मेमो तिथूनच निघतो.

या हकिगतीवरून मी व्यवस्थापकांना एकच कसोटी दिली. माणसाची तुलना शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी करू नका, त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या कामाशी करा, आणि बदल दोन आठवडे टिकला तर त्याच्याशी बोला. मुळात अबोल असलेला माणूस गप्प बसला, तर त्याचा अर्थ लावायचे कारण नाही. पण रोज सगळ्यांचा डबा चाखणारा माणूस डबा उघडेनासा झाला, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. आजाराचे नाव ठरवणे हे माझे काम आहे. बदल दिसणे हे त्यांचे, कारण ते त्याला रोज आठ तास पाहतात आणि मी पंधरा दिवसांतून एकदा पाहते.

बोलायचे कसे, यावर मला सर्वांत जास्त वेळ लागला. पहिल्या खर्ड्यातील "आपल्याला भावनिक आधाराची गरज वाटते का?" हे वाक्य सुपरवायझरांना वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "असं आमच्याकडे कुणी बोलत नाही." त्यांचे म्हणणे रास्त होते. आपल्याकडचा रुग्ण बहुधा "मी उदास आहे" असे म्हणत नाही. डोके जड होते, झोप मोडते, अन्न गोड लागत नाही, असे म्हणतो. शेवटी आम्ही दोघांनी मिळून बसवलेले वाक्य असे होते: "गेले दोन-तीन आठवडे तुमचं काम नेहमीसारखं होत नाहीये, डबाही तसाच राहतो. झोप लागते का नीट? काही त्रास आहे का?" हे बोलणे शॉप फ्लोअरवर चार जणांत करायचे नाही आणि त्या वेळी हातात मेमो नसावा.

समोरचा माणूस "आता जगण्यात राम नाही" अशा अर्थाचे काही बोलला, तर "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" हे स्पष्ट विचारावे, असे मी सांगितले तेव्हा सभागृहात चुळबुळ झाली. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारल्याने हलके वाटते. उत्तर होकारार्थी आले, तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरच्यांना बोलवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची 14416 ही टेलि-मानस हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते आणि तिच्यावर मराठीत बोलता येते.

एक गोष्ट बोलावी की नाही, याबद्दल मी आदल्या रात्रीपर्यंत साशंक होते, कारण समोर वरिष्ठ अधिकारी बसणार होते. त्या ऑपरेटरचा त्रास सुरू होण्याच्या दोन महिने आधी त्यांच्या विभागात दर आठवड्याला पाळी बदलू लागली होती. नैराश्य केवळ त्यामुळेच आले, असे मी म्हणू शकत नाही. झोपेची घडी विस्कटण्याचा त्यात वाटा असावा, असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाबरोबरच कामाच्या रचनेत बदल करण्यावरही भर आहे. माझ्या गोळीने झोप येईल, पण पाळीचा तक्ता माझ्या हातात नाही, हे मी त्यांच्यासमोर बोलले.

उपचारानंतर परत रुजू होणे हा भाग मी आधी दोन वाक्यांत उरकला होता. तो वाढवावा लागला. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहूनही जास्त. काही गोळ्यांनी येणारी गुंगी मात्र पहिल्याच दिवसापासून जाणवते. त्यामुळे माणूस कामावर परतला म्हणजे बरा झाला, असे समजून त्याला पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला किंवा फिरत्या यंत्रावर लावू नये. त्या ऑपरेटरला पहिले तीन आठवडे फक्त दिवसपाळी आणि तपासणी टेबलावरचे काम दिले होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत कोणते काम किती दिवस नको, एवढे असले की व्यवस्थापकाचे भागते. निदान मागू नये. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ते गुप्त ठेवण्याचे बंधन आमच्यावर घातले आहे.

भाषण संपल्यावर फाउंड्रीचे एक व्यवस्थापक माझ्याकडे आले. त्यांच्या भट्टीवरच्या एका कामगाराने आपण मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्या घेतो, असे त्यांना विश्वासाने सांगितले होते. मे महिन्याचे दिवस होते. फार घाम येऊन अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले, तर रक्तातील लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणे ही तिची चिन्हे आहेत आणि ती दिसताच रुग्णालय गाठावे लागते, हे मी त्यांना समजावले. त्याच्या डॉक्टरांना तो भट्टीवर काम करतो, हे ठाऊक आहे का, असे मी विचारले तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्याच्याशी बोलले आणि त्याने डॉक्टरांची चिठ्ठी आणली. नोंदवहीत काय लिहू, हे विचारायला त्यांचा फोन आला. "वैद्यकीय सल्ल्यानुसार उष्णतेच्या कामातून तात्पुरती सूट" एवढेच लिहा, असे मी सांगितले, आणि फोन ठेवण्याआधी त्यांनी ते वाक्य मला परत वाचून दाखवले.