पांढऱ्याची हद्द

गगनबावड्याच्या अंगाला, डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आमच्याकडे व्हिनेगरवर होते, म्हणजे व्हीआयए: ते लावायचं आणि पांढरं कुठं उठतं ते नुसत्या डोळ्यानं बघायचं. इथं ना तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट, ना गर्भाशयमुख मोठं करून दाखवणारा कॉल्पोस्कोप. पॉझिटिव्ह निघालेल्या बाईला चिठ्ठी देऊन कोल्हापूरला पाठवायचं, अशी आधीची रीत होती. ती बाई जायची का? रोजगार बुडतो, जनावरांना वैरणपाणी कोण बघणार, आणि दुखत तर काहीच नसतं. चिठ्ठ्या घरातल्या देव्हाऱ्यामागे पडून राहायच्या. म्हणून मग शिबिरात डॉक्टर मॅडम खराब अस्तर उष्णतेनं जाळणारं थर्मल अॅब्लेशनचं यंत्र घेऊन यायला लागल्या आणि 'तपासा आणि तिथंच उपचार करा' हे सुरू झालं. त्याआधी आम्हा नर्सना डोळा तयार करायला लावलं. ते शिकणं कसं झालं ते लिहिते, कारण 'पांढरं दिसलं की पॉझिटिव्ह' एवढंच डोक्यात घेऊन मी गेले होते आणि काम त्याच्या पुढंच सुरू होतं.

सुरुवात द्रावणापासून. ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड ५ मिली आणि डिस्टिल्ड वॉटर ९५ मिली, की झालं पाच टक्के. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात अॅसिड. रोजचं रोज बनवायचं आणि उरलेलं संध्याकाळी ओतून द्यायचं. मॅडमचा इथं फार कटाक्ष असायचा: मूळ अॅसिडची बाटली तपासणीच्या ट्रेवर येताच कामा नये, कारण न मिसळलेलं अॅसिड लागलं तर योनीची त्वचा भाजते. पातळ जास्त झालं तर उलटा घोळ, काहीच पांढरं होत नाही आणि आपण खुशाल निगेटिव्ह लिहून मोकळे होतो. असं निगेटिव्ह वहीत पाहून कुणालाही शंका येत नाही, म्हणून मला त्याचीच जास्त भीती वाटते.

द्रावण लावायच्या आधी नुसतं बघायचं. योनी उघडी धरणारं स्पेक्युलम घातल्यावर सलाइनच्या बोळ्यानं चिकट स्राव पुसला की पिशवीचं तोंड स्वच्छ दिसतं. बाहेरचं अस्तर गुलाबी, गुळगुळीत. आतल्या नळीचं लालसर, दाणेदार. ही दोन अस्तरं जिथं भेटतात तो सांधा शोधायचा. बाई वयात आल्यापासून हा सांधा हळूहळू आत सरकत असतो. तो जिथं होता आणि आता जिथं आहे, त्यांच्यामधला पट्टा म्हणजे बदलाचा भाग. कॅन्सरच्या आधीची अवस्था बहुतेक तिथंच उगवते, त्यामुळे आमचं सगळं लक्ष तिथं. या वेळी हात लावताच रक्त येणारी गाठ किंवा खडबडीत जखम दिसली तर तिथं उपचाराचा विषयच संपतो. ती बाई थेट वरच्या दवाखान्यात, सोबत माणूस देऊन.

मग बोळा द्रावणात चांगला भिजवून लावायचा आणि घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट थांबायचं. हे मिनिट फार लांब वाटतं. बाई पाय आवळून पडलेली, बाहेर आशाताईंचा आवाज, आणि आपला हात दिवा हलवायला शिवशिवतो. पण घाई केली तर फसायला होतं. ज्या पेशींची केंद्रकं मोठी आणि दाटीवाटीची असतात, त्यांच्यातली प्रथिनं अॅसिडनं तात्पुरती गोठतात आणि तेवढाच भाग अपारदर्शक होतो. हे घडायला वेळ लागतो आणि ओसरायलाही लागतो. नुसत्या सुजेचं किंवा नव्यानं बदलत असलेल्या अस्तराचं पांढरेपण फिकं असतं, पसरट असतं, त्याची कड कुठं संपते ते सांगता येत नाही, आणि बघता बघता विरून जातं. खरं संशयास्पद पांढरं भिंतीला चुन्याचा हात दिल्यासारखं दाट, कड ठळक, सांध्याला चिकटून, आणि काही मिनिटं तसंच टिकून राहतं. सांध्यापासून लांब कुठंतरी पांढरे ठिपके दिसले तर ते व्हीआयएच्या हिशेबात धरत नाहीत. द्रावण लावायच्या आधीपासूनच पांढरं असेल तर ती वेगळी भानगड, ती वेगळी नोंदवायची.

इथपर्यंत फोटोंच्या कार्डांवर कुणीही पटकन शिकतं. कठीण भाग एका बाईच्या तपासणीत नीट समजला.

वय ३९, तीन बाळंतपणं, धनगरवाड्यावरून आलेली. आम्ही तिला आक्का म्हणत होतो. अंगावरून पांढरं जातं म्हणून शेजारणीनं ओढून आणलेलं. द्रावण लावलं, मिनिट झालं, आणि पिशवीच्या तोंडाच्या वरच्या ओठावर दाट पांढरा पट्टा उभा राहिला. वहीत आम्ही पिशवीचं तोंड घड्याळासारखं गोल काढतो. त्यात तो १० पासून १ वाजेपर्यंत भरला. मी म्हणाले, "मॅडम, पॉझिटिव्ह." मॅडम म्हणाल्या, "ते दिसतंय गं. त्याची आतली कड दाखव मला."

बाहेरची कड स्पष्ट होती. आतली नळीच्या तोंडापाशी गेली होती आणि तिथं चिकट स्राव पुन्हा जमला होता. मॅडमनी कोरड्या बोळ्यानं तो उचलला, स्पेक्युलमची पानं थोडी जास्त उघडली, आणि दुसऱ्या बोळ्यानं खालचा ओठ हलकेच खाली दाबला. नळीचं तोंड जरा उघडलं. पांढरं संपलं होतं, आणि त्याच्या आत लाल दाणेदार अस्तराची अख्खी वर्तुळाकार रेष दिसत होती. सांधा सगळीकडून दिसला, पट्टा पूर्ण दिसला, नळीत घुसलेला नव्हता, योनीच्या भिंतीवर उतरलेला नव्हता, कॅन्सरसारखं काही नव्हतं, आणि बाई गरोदर नव्हती. एवढं सगळं जमलं तरच जागेवर उपचार. कारण यंत्राची गरम टोपी वरूनच टेकवायची असते. जे आत लपलंय तिथं ती पोचत नाही. वरचं जळून बरं झालं आणि आतलं तसंच राहिलं तर ते पुढे झाकलं जाऊन वाढत राहू शकतं.

त्याच शिबिरात ५४ वर्षांच्या मावशी होत्या. त्यांचं पांढरं आक्काच्या निम्मंसुद्धा नव्हतं, पण ते नळीत शिरत होतं आणि सांधा कुठंच दिसेना. पाळी गेल्यावर तो बहुतेक आतच सरकतो, म्हणून पन्नाशीनंतर व्हीआयएवर विसंबणं अवघड. मॅडमनी यंत्राला हातही लावला नाही. डाग लहान असलेल्या बाईला गाडीत बसवायचं आणि मोठा असलेलीला इथंच मोकळं करायचं, हे बाहेर बसलेल्या बायकांना काही पटेना. "तिला करतासा आणि मला का न्हाई?" हे मावशींचं म्हणणं रास्तच होतं. मी त्यांना वहीतलं चित्र दाखवून समजावलं. आशाताई त्यांच्यासोबत गेल्या. चिठ्ठीपेक्षा सोबत उपयोगी पडते.

आक्काचा पहिला प्रश्न, "पिशवी काढायला लागंल का?" आमच्याकडे हा प्रश्न हमखास येतो. नाही, पिशवीला धक्काही नाही, फक्त तोंडावरचं खराब अस्तर भाजून काढायचं. दुसरा प्रश्न, "मालकास्नी इचारू का?" हे आम्ही तपासणीच्या आधीच विचारून ठेवतो: पॉझिटिव्ह आलं तर आजच करायचं का, घरी बोलून यायचं का. टेबलावर पडलेल्या बाईकडून होकार घेणं मला बरोबर वाटत नाही. तिनं तिथूनच फोन लावला.

यंत्र बॅटरीवर चालतं, म्हणून लाइट गेली तरी अडत नाही. आधी क्रायोथेरपी होती: तीन मिनिटं गोठवा, पाच मिनिटं सोडा, पुन्हा तीन मिनिटं. त्याला वायूचं सिलिंडर लागायचं, आणि डोंगरात ते वेळेवर भरून मिळणं म्हणजे नशिबाचा खेळ. थर्मलची टोपी १०० अंशांवर २० ते ३० सेकंद टेकवायची. आक्काला एकदा टेकवून सगळा भाग झाकला जाईना, म्हणून पहिल्यावर थोडी चढवून दुसऱ्यांदा लावली. नुसता डाग नाही, बदलाचा सगळा पट्टा झाकायचा असतो. माझं काम योनीच्या भिंती टोपीपासून लांब ठेवायचं आणि तिच्याशी बोलत राहायचं. भूल दिली नव्हती. "पाळीत दुखतंय तसं दुखतंय," एवढंच ती म्हणाली. उठल्यावर चहा प्याली आणि गाडी चुकेल म्हणून निघाली.

आता यातली न आवडणारी बाजू. तुकडा तपासायला पाठवलाच नाही, त्यामुळे आक्काला नेमकं काय होतं हे कुणालाच कळणार नाही. व्हीआयए पॉझिटिव्ह बायकांपैकी बहुतेकींना गंभीर पूर्वावस्था नसते. म्हणजे आपण काहीजणींवर गरज नसताना उपचार करतो. मी प्रशिक्षणात हे विचारलं होतं. मॅडमनी दोन अभ्यास समोर ठेवले. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये नर्सनी व्हीआयए आणि क्रायो केलं, तिथं या कॅन्सरचे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. तो २००७ चा निष्कर्ष. आपल्याच उस्मानाबादमध्ये, आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली निकाल आला तेव्हा हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एका चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते, आणि व्हीआयएच्या गटात मात्र ठोस फरक दिसला नव्हता. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही चाचणीच पहिली पसंत सांगते. माझं मत असं, की शहरात कॉल्पोस्कोपी हाताशी असताना नुसत्या डोळ्यावर भाजणं बरोबर नाही. एचपीव्ही चाचणी आली तर आधी तीच करावी; पण ती पॉझिटिव्ह आली तरी यंत्र लावायचं की नाही हे ठरवायला कुणाला तरी ती आतली कड बघावीच लागेल.

आक्काला घरी जाताना सांगितलं: महिनाभर पाण्यासारखं जाईल, त्याला घाबरू नको, महिनाभर नवऱ्यापासून लांब, नाहीतर निरोध. ताप, घाण वास, गाठींसारखं रक्त, पोटात जोराचं दुखणं, यातलं काहीही झालं तर फोन न करता सरळ ये. अंगावरून जाण्याचं मूळ दुखणं इन्फेक्शनचं होतं, त्याच्या गोळ्या वेगळ्या दिल्या.

वर्षानं तिची फेरतपासणी झाली. आशाताईंनी दोनदा घरी जाऊन आणली. द्रावण लावल्यावर पांढरं काही उठलं नाही. पण सांधा आता नळीच्या तोंडाशी सरकलेला होता, अर्धाच दिसत होता. उपचारानंतर कधी कधी असं होतं. म्हणून 'निगेटिव्ह' लिहून त्यापुढे 'सांधा पूर्ण दिसत नाही, पुढील तपासणी एचपीव्हीवर' अशी ओळ टाकली आणि एचपीव्हीच्या नमुन्यांच्या यादीत तिचं नाव चढवलं.