इरवै ऐदु, पंचवीस आणि मातृभाषेचा रकाना

स्वीडनमधल्या माल्मोच्या शाळेत मुलाचे नाव घातले, तेव्हा मातृभाषेच्या तासासाठी एक वेगळा अर्ज भरावा लागला. त्यात मुलाची मातृभाषा कोणती, एवढेच विचारलेले नव्हते. आई किंवा वडील यांच्यापैकी कोणी मुलाशी घरी रोज कोणत्या भाषेत बोलते का, असा प्रश्न होता. ‘मराठी’ असे लिहिताना मला सोलापूरच्या पूर्व भागातील माझी शाळा आठवली. तिथे मी अनेक वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आणि दर जूनमध्ये जनरल रजिस्टरमधला मातृभाषेचा रकाना भरला. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून कितीतरी नावांपुढे मी विचारपूस न करताच ‘मराठी’ लिहीत गेले. त्यातली निम्म्याहून अधिक मुले पद्मशाली घरांतली होती आणि घरी तेलुगू बोलत होती. काही कन्नड, तर काही उर्दू बोलणारी होती. ती चूक लहान नव्हती, हे मला फार उशिरा कळले आणि ते कळले गणिताच्या तासाला.

दुसरीत एक मुलगी होती. मी ‘पंचवीस’ म्हटले की ती पाटीवर ५२ लिहीत असे आणि ‘बावन्न’ म्हटले की २५. हिला दशक-एकक समजलेलेच नाहीत, असे मी धरून चालले आणि तिला पुन्हा पुन्हा सुट्या काड्या व दहाचे गठ्ठे मांडायला लावले. एके दिवशी मी काही न बोलता फळ्यावर २५ हा अंक लिहिला आणि तेवढ्या काड्या मांड, एवढेच सांगितले. तिने दहाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडल्या आणि स्वतःशीच पुटपुटली, “इरवै ऐदु.” तिची आई घरी विड्या वळत असे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधला जातो आणि आई कट्टे मोजताना ती शेजारी बसलेली असे. पंचवीस ही संख्या तिला चांगली ठाऊक होती. अडत होते ते माझ्या शब्दावर.

तेलुगूत ‘इरवै’ म्हणजे वीस आणि ‘ऐदु’ म्हणजे पाच. आधी दशक, मग एकक, म्हणजे अंक ज्या क्रमाने लिहायचे त्याच क्रमाने ते कानावर पडतात. कन्नडमधले ‘इप्पत्तैदु’ही तसेच आहे. मराठीत मात्र ‘पंच’ आधी येतो आणि ‘वीस’ नंतर. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ५२ लिहिणारच. उर्दूतला ‘पच्चीस’ मराठीच्याच वळणाचा असल्याने त्या घरांतली मुले इथे कमी अडखळत. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड, कारण ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे कोणी उलगडून सांगितलेले नसते. मूल ‘एक’ आणि ‘तीस’ ऐकते आणि ३१ लिहून मोकळे होते. मराठी घरातले मूलही सुरुवातीला इथेच चुकते, पण त्याच्या कानावर हे शब्द घरी, दुकानात, बसमध्ये दिवसभर पडत असल्याने वर्षभरात ते सावरते. तेलुगू घरातल्या मुलाला हा सराव फक्त शाळेच्या वेळात मिळतो.

चूक भाषेची आहे की स्थानिक किमतीची, हे ओळखायला मी पुढे एक पद्धत ठेवली. संख्या आधी तोंडी सांगून लिहायला लावायची, मग तीच संख्या अंकात दाखवून काड्या मांडायला लावायची. पहिल्यात चूक आणि दुसऱ्यात बरोबर असेल, तर मुलाला गणित येते, संख्येचे मराठी नाव येत नाही. दोन्हींत चूक असेल, तर गठ्ठ्यांकडे परत जायचे. यासाठी ३३ किंवा ४४ निवडून उपयोग नाही, कारण अंक उलटले तरी उत्तर तेच राहते आणि चूक झाकली जाते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचनही दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. मराठी बिघडेल, असे अनेकांना वाटले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू शांतपणे मांडली होती. माझ्या वर्गात त्या दोन शब्दांनी जे काम केले, ते मी पाहिले आहे. ‘वीस पाच’ म्हटले की ती मुलगी लगेच मान हलवी, कारण तो तिच्याच घरचा क्रम होता. रूढ नाव शिकवायचे नाही, असा याचा अर्थ नव्हे. बाजारात ‘पंचवीस’च म्हणतात आणि ते यायलाच हवे. पण ‘वीस पाच’वरून ‘पंचवीस’वर येणे तिला जमले, एरवी ती अडूनच बसली असती.

आता धोरण काय म्हणते, ते पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम ‘शक्य तेथवर’ मुलाची मातृभाषा असावे, असे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा, प्रादेशिक भाषा हे चार शब्द तिरक्या रेषा देऊन एका ओळीत मांडले आहेत. त्या मुलीच्या बाबतीत पहिल्या दोन शब्दांचे उत्तर तेलुगू आहे, शेवटच्याचे मराठी आणि तिच्या गल्लीची स्थानिक भाषा म्हणाल तर दोन्ही. म्हणजे मराठी शाळेत बसवल्यावर धोरण कागदावर पाळले जाते आणि मुलगी ५२ लिहीत राहते. त्याच परिच्छेदात पुढे, ज्यांची घरची भाषा माध्यमापेक्षा वेगळी आहे, त्यांच्यासाठी शिक्षकांनी द्विभाषिक पद्धत वापरावी, असेही म्हटले आहे. माझ्या मते वर्गातल्या शिक्षकासाठी सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते आहे, पण चर्चा माध्यमाचीच होते. पस्तीस मुले आणि चार भाषा असलेल्या वर्गात माध्यम एकच राहणार. मुलाला आधाराला मात्र त्याच्या घरची भाषा लागते.

स्वीडनमध्ये १९७७ पासून नगरपालिकांवर घरच्या भाषेचे शिक्षण देण्याची जबाबदारी आहे. पण साधारणतः त्या नगरपालिकेत त्या भाषेची किमान पाच मुले आणि योग्य शिक्षक मिळाला, तरच तो तास सुरू होतो. तो बहुधा शाळा सुटल्यावर भरतो, त्यामुळे गणिताच्या वेळी त्याचा हात मिळत नाही. मला त्यापेक्षा मोलाची वाटते ती दुसरी व्यवस्था: गरज असलेल्या मुलाला चालू विषय त्याच्या भाषेत समजावून सांगणारी व्यक्ती देणे. नव्याने आलेल्या मुलाला आधीपासून काय येते, याची तपासणीही इथे दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि भाषा येत नाही म्हणजे गणित येत नाही, असे तीत धरले जात नाही.

माझ्या मुलाची गोष्ट नेमकी उलटी आहे. स्वीडिश भाषा तेलुगूप्रमाणे वीस आधी आणि पाच नंतर म्हणते, त्यामुळे वर्गात तो २५ बिनचूक लिहितो. सोलापूरहून आजी फोनवर ‘पंचवीस’ म्हणते, तेव्हा त्याची पेन्सिल आधी पाचाकडे जाते. माल्मोहून निघणाऱ्या पुलापलीकडे डेन्मार्कमध्ये मात्र मराठीसारखे ‘पाच आणि वीस’ म्हणतात.

मी निघण्यापूर्वी वर्गाच्या भिंतीवर वीस ते नव्व्याण्णवपर्यंतचा तक्ता लावला होता: अंक, मराठी नाव, मग तेलुगू आणि कन्नड नावे, सगळी देवनागरीत. तेलुगू रकाना मी ऐकीव माहितीवर भरला होता. पालकसभेच्या दिवशी त्या मुलीची आई तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे खडू मागून तिने दोन शब्द फळ्यावर लिहून दाखवले आणि म्हणाली, “बाई, आमच्यात हे असं म्हणतात.” दुसऱ्या दिवशी मी तक्ता दुरुस्त केला आणि त्याच दुपारी जनरल रजिस्टर काढून मुलांना एकेक करून विचारत बसले.