दहा ओहमचा शोध

दुपारचा लॉट टेस्ट बेंचवर आला आणि तपासणाऱ्या मुलाने हाक मारली, "सर, हे सहा बोर्ड बारा व्होल्टला बसतच नाहीत." पहिल्या बोर्डवर मीटर १२.४८ दाखवत होता. आम्हाला मुभा पाव व्होल्टची. सकाळचे सगळे बोर्ड १२.०३ च्या आसपास होते.

तो सोल्डरिंग गन उचलून LM317 ही व्होल्टेज रेग्युलेटर आयसी काढायला निघालाच होता. मी त्याला थांबवलं आणि आउटपुट नि ॲडजस्ट या दोन पिनांमधलं व्होल्टेज मोजायला सांगितलं. हे आधी बघावंच, कारण या आयसीचा रेफरन्स १.२ पासून १.३ व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतो आणि तेवढ्यानेही आउटपुट अर्धा व्होल्ट सरकतं. मीटरवर १.२५ आले. आयसी निर्दोष होती.

उरले आउटपुट ठरवणारे दोन रेझिस्टर, R1 आणि R2. मी कागद ओढला.

```
Vout = 1.25(1 + R2/R1) + Iadj·R2
R1 = 240 Ω, R2 = 2050 Ω, Iadj ≈ 50 µA
dVout/dR1 = -1.25·R2/R1² ≈ -44.5 mV/Ω
dVout/dR2 = 1.25/R1 + Iadj ≈ 5.3 mV/Ω
```

वाढ ०.४५ व्होल्टची. म्हणजे R1 दहा ओहमने कमी, नाहीतर R2 सुमारे ८५ ओहमने जास्त. मुलगा म्हणाला, "मग R1च असणार, तो आठपट नाजूक आहे." ओहममध्ये बघितलं तर आहेच. पण कारखान्यात रेझिस्टर चुकतो तो टक्क्यांत. R1 चे एक टक्का म्हणजे २.४ ओहम, R2 चे २०.५, आणि दोन्हींनी आउटपुट सुमारे १०७ मिलिव्होल्टच हलतं, फक्त उलट दिशांना. आमची चूक दोन्हीकडे चार टक्क्यांचीच निघत होती. दोघांपैकी कोण, हे डेरिव्हेटिव्ह सांगू शकत नव्हतं. एवढं मात्र नक्की झालं की दोन्ही एक टक्का फरकाचे हवेत, पण यातला एक जण तसा नाही.

मग भिंग घेतलं. R2 वर 2051 छापलेलं, चार आकडे, बरोबर. R1 वर 2400 हवं होतं, तिथे होतं 241. तीन आकडे म्हणजे पाच टक्क्यांवाला. किंमत २४० ओहमच, पण १२ ओहम इकडे-तिकडे चालणारा. दुपारी मशीनवर रीळ बदललं होतं आणि स्टोअरमधून चुकीचं आलं होतं.

रेझिस्टर सर्किटमध्ये ठेवून मोजला तर बाजूच्या वाटांमुळे आकडा फसवतो, म्हणून काढूनच मोजला. हिशेबाने २२९.९ यायला हवा होता, आला २३०.३. हा ०.४ चा फरक मी मुलाला मुद्दाम दाखवला. R1 भागाकारात खाली आहे, त्यामुळे तो कमी होत जातो तशी रेषा आणखी उभी होत जाते, आणि आपण धरलेला उतार २४० वरचा असतो. तीच सरळ रेषा पुढे नेली की किंचित जास्त बदल हाती येतो. एक-दोन ओहमना हे जाणवतही नाही.

सहाही बोर्डांवर एक टक्क्याचा R1 बसवला. पहिला बोर्ड १२.०३ वर आला.