वंशाचा कॉलम म्हणजे नेमकं काय मोजतो?

"तुम्ही अमेरिकेत किडनीच्या डेटावर काम करता ना, मग त्या फॉर्म्युल्यातून वंश काढून टाकला ते सायन्स होतं की पॉलिटिक्स?"

सायन्सच, पण अर्धंच काम झालंय असं माझं मत. बघा, किडनी किती गाळते हे थेट मोजायचं तर इंजेक्शन देऊन तासन् तास रक्त-लघवीचे नमुने घ्यावे लागतात, रोजच्या रोज ते कोण करणार? म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन बघून अंदाज काढतात, ते जितकं जास्त तितकी गाळणी कमी धरायची; रिपोर्टवर eGFR लिहिलेलं असतं ते हाच अंदाज. क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून, त्यामुळे ज्याचे स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनिन किडनी धडधाकट असली तरी वर असतं.

१९९९ मध्ये अशा एका फॉर्म्युल्यासाठी १६२८ पेशंट्सचा डेटा घेतला, त्यात कृष्णवर्णीय साधारण १२ टक्के होते. तेवढ्याच क्रिएटिनिनला त्यांची मोजलेली गाळणी जास्त दिसली. का दिसली? स्नायू जास्त असतील, असं म्हटलं गेलं, ज्याला पुरावा तसा लंगडाच होता, आणि एक गुणक चिकटवला. २००९ च्या सुधारित फॉर्म्युल्यात तो १.१५९ होता. आमच्या कोडमध्ये तो असा बसायचा:

```
if (race == "Black") egfr <- egfr * 1.159
```

एक ओळ, बास. ती race कुठून आली? मी आधी जिथे काम करायचो तिथे निम्म्या नोंदी काउंटरवरच्या बाईंनी चेहरा बघून टिक केलेल्या होत्या. एकाच माणसाच्या दोन व्हिजिटला दोन वेगळे वंश, हे मी स्वतः पाहिलंय, म्हणजे सोमवारी किडनी सोळा टक्के बरी आणि गुरुवारी नाही!

आता एक उदाहरण घ्या. पुरुष, वय ५०, क्रिएटिनिन ३.६. २००९ च्या फॉर्म्युल्याने गोऱ्या माणसाचं eGFR १८.६ येतं आणि कृष्णवर्णीयाचं २१.५. तिकडे ट्रान्सप्लांटच्या यादीत वेटिंगचा काळ मोजायला डायलिसिस तरी सुरू हवं नाहीतर eGFR २० किंवा खाली हवं, म्हणजे रक्त तेच, क्रिएटिनिन तेच, पण एकाचं घड्याळ सुरू झालं आणि दुसरा अजून दाराबाहेर. २०२१ मध्ये वंश न घेणारा फॉर्म्युला आला, त्यात दोघांचंही १९.७.

मग अर्धंच का म्हणतो? कारण जो फरक दिसला होता तो गेला नाही, फक्त दोघांत वाटला गेला. नव्या फॉर्म्युल्यात कृष्णवर्णीयांचं eGFR मोजलेल्या गाळणीपेक्षा थोडं कमी येतं, बाकीच्यांचं थोडं जास्त, दोन्हीकडे सरासरी चारेक युनिट. यावर उपाय आहे, सिस्टॅटिन सी नावाचं प्रोटीन मोजा. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं आणि त्यात वंशाचा गुणक लागतच नाही. वंश जिथे स्नायूंच्या जागी उभा केला होता तिथे आता चांगलं माप आहे, फक्त टेस्ट महाग, म्हणून सगळीकडे होत नाही.

कधीकधी तोच कॉलम वंशावळीच्या जागी उभा असतो. एपीओएल१ या जीनचे दोन प्रकार आहेत, पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या लोकांत सापडणारे, स्लीपिंग सिकनेसच्या परजीवीपासून बहुधा वाचवणारे. आई-बाप दोघांकडून आले तर किडनीला धोका वाढतो. आफ्रिकन अमेरिकनांपैकी सुमारे १३ टक्क्यांत तसं असतं, म्हणजे बाकीच्या ८७ टक्क्यांना "कृष्णवर्णीय म्हणून धोका" सांगणं या जीनपुरतं तरी चूक. जीन बघायचा तर जीनच तपासा ना.

आणि तिसरी जागा म्हणजे वागणूक. इन्शुरन्स नाही, बीपीचं औषध उशिरा, किडनीच्या डॉक्टरकडे पाठवलं ते डायलिसिसच्या तोंडावर. हे रक्तात सापडत नाही, आणि इथे मात्र मी वंश काढू देत नाही, कारण इथे तो स्नायूंच्या किंवा जीनच्या नावाखाली नसतो, लोकांनी त्या माणसाला काय समजून वागवलं ते तोच सांगतो. अर्थात त्याच्या शेजारी इन्शुरन्स, वस्ती, पहिल्या रेफरलची तारीख हे कॉलमही हवेतच, नाहीतर वाचणारा परत "यांच्या रक्तातच असेल" असं म्हणून मोकळा होतो.

आपल्या लोकांचं विचाराल तर त्या कोडमध्ये आपण नुसते "इतर". स्नायू कमी, त्यातून शाकाहारी, क्रिएटिनिन मुळातच खाली, त्यामुळे eGFR फुगून येऊ शकतं. माझ्या मामांचा रिपोर्ट "नॉर्मल" आला तेव्हा मी आधी त्यांचे दंड बघितले, मग सिस्टॅटिन सी करायला लावली.

एक गंमत सांगायची राहिली. जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतल्या ट्रान्सप्लांट यंत्रणेने नियम केला की जुन्या गुणकामुळे ज्या कृष्णवर्णीय पेशंट्सचं घड्याळ उशिरा सुरू झालं त्यांना तो काळ परत द्यायचा. आता हे पेशंट शोधायचे कसे? त्याच काउंटरवरच्या टिकवरून.