एकच विधान खरं: तीन पेट्यांच्या कोड्यावरचे दोन आठवडे

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की 'यांपैकी नेमकं एकच विधान खरं आहे' या जातीची कोडी आता अडखळत का होईना, सुटायला लागली आहेत. हे दोन आठवडे मी एकच कोडं धरून बसले होते. ते सोडवण्यापेक्षा रचण्यात जास्त वेळ गेला, आणि शक्यता तपासण्याबद्दल जे नीट कळलं ते रचतानाच कळलं.

कोडं असं. लाल, निळी आणि हिरवी अशा तीन पेट्या. एकीत चेंडू, एकीत अंगठी, एक रिकामी. प्रत्येकीवर एक चिठ्ठी:

लाल: चेंडू या पेटीत आहे.
निळी: चेंडू या पेटीत नाही.
हिरवी: ही पेटी रिकामी नाही.

तीनपैकी नेमकी एकच चिठ्ठी खरी. कुठे काय आहे?

सरळ रस्ता म्हणजे एकेक चिठ्ठी खरी धरून बघायची. आधी लाल खरी धरू. मग चेंडू लाल पेटीत, म्हणजे तो निळीत नाही, म्हणजे निळीवरची चिठ्ठीही खरी झाली. दोन खऱ्या झाल्या, ही शक्यता बाद.

आता निळी खरी धरू. मी पहिल्यांदा चुकले ती इथेच. चेंडू निळीत नाही. लाल खोटी, म्हणून तो लालमध्येही नाही. उरली हिरवी, चेंडू तिथे. लाल खोटी ठरते, निळी खरी ठरते, सगळं जुळतंय असं वाटलं आणि मी उत्तर लिहून मोकळी झाले. पण हिरवीवरची चिठ्ठी तपासायची राहिली होती. चेंडू हिरवीत असेल तर ती रिकामी नाही, म्हणजे तिची चिठ्ठीसुद्धा खरी. पुन्हा दोन खऱ्या. हीही शक्यता बाद.

तिसरी शक्यता: फक्त हिरवी खरी. निळी खोटी, म्हणजे चेंडू निळीतच आहे. लाल आपोआप खोटी पडते. हिरवी रिकामी नाही आणि चेंडू तर निळीत आहे, तेव्हा हिरवीत अंगठी. लाल रिकामी. तिन्ही चिठ्ठ्या या मांडणीवर पुन्हा वाचल्या: खोटी, खोटी, खरी. सुटलं.

यातून हाताला लागलेली सवय अशी: 'ही खरी' असं लिहिलं की त्याच ओळीत 'बाकीच्या खोट्या' हेही लिहायचं आणि त्या खोटेपणातून काय निघतं ते लगेच मांडायचं. तिसऱ्या शक्यतेत चेंडूची जागा खऱ्या चिठ्ठीने सांगितली नाही, निळीच्या खोटेपणाने सांगितली. या कोड्यांत बरीचशी माहिती खोट्या विधानांतच असते. आणि जुळणारी शक्यता सापडली तरी उरलेल्या तपासायच्याच. मी दुसऱ्या शक्यतेवर थांबले नसते, तर तिसरीही जुळताना दिसली असती आणि कुठेतरी चूक आहे हे तेव्हाच कळलं असतं.

आता रचण्याबद्दल. वरची हिरवी चिठ्ठी ही माझी दुसरी आवृत्ती. पहिल्या आवृत्तीत हिरवीवर लिहिलं होतं, 'अंगठी लाल पेटीत नाही'. मला माझं उत्तर (निळीत चेंडू, हिरवीत अंगठी) आधीच माहीत होतं, त्यामुळे मी फक्त तेच तपासलं आणि कोडं मैत्रिणीला दिलं. तिने दहा मिनिटांत परत केलं. म्हणाली, "अगं, चेंडू हिरवीत ठेव आणि अंगठी लालमध्ये. तरी एकच खरी येते." बघितलं तर खरंच: लाल खोटी, निळी खरी, हिरवी खोटी. दोन उत्तरांचं कोडं.

त्यानंतर मी रचताना चिठ्ठ्या धरून शक्यता पाडणं सोडलं आणि मांडण्या धरून पाडू लागले. तीन पेट्यांत चेंडू आणि अंगठी ठेवायच्या मांडण्या सहाच होतात. प्रत्येकीपुढे किती चिठ्ठ्या खऱ्या होतात तेवढं लिहायचं. आताच्या आवृत्तीचा तक्ता:

| लाल | निळी | हिरवी | खऱ्या चिठ्ठ्या |
|---|---|---|---|
| चेंडू | अंगठी | रिकामी | 2 |
| चेंडू | रिकामी | अंगठी | 3 |
| अंगठी | चेंडू | रिकामी | 0 |
| रिकामी | चेंडू | अंगठी | 1 |
| अंगठी | रिकामी | चेंडू | 2 |
| रिकामी | अंगठी | चेंडू | 2 |

शेवटच्या रकान्यात 1 एकदाच आला, म्हणजे उत्तर एकमेव. जुन्या आवृत्तीत हाच रकाना वरून खाली 3, 3, 0, 1, 1, 2 असा येतो. दोन वेळा आलेला 1 लगेच डोळ्यांत भरतो, त्यासाठी डोकं लढवावं लागत नाही. सोडवताना मात्र मी चिठ्ठ्याच धरते, कारण त्या तीन आणि मांडण्या सहा. चार पेट्या घेतल्या तर चिठ्ठ्या चार आणि मांडण्या 12, पाच पेट्यांना 20. पेट्या वाढतात तशी ही तफावत वाढत जाते.

एक गोष्ट शब्दांबद्दल. मोठ्या कोड्यासाठी मी एक चिठ्ठी लिहिली होती: 'सगळ्या पेट्या रिकाम्या नाहीत'. मैत्रिणीने ती 'एकही पेटी रिकामी नाही' अशी वाचली. मला म्हणायचं होतं, 'किमान एका पेटीत काहीतरी आहे'. मराठीत हे वाक्य दोन्हीकडे झुकतं, आणि चिठ्ठी खोटी धरायची वेळ आली की हा फरक कोडंच मोडतो. पहिल्या अर्थाने ती खोटी असेल तर किमान एक पेटी रिकामी आहे. दुसऱ्या अर्थाने खोटी असेल तर सगळ्याच रिकाम्या. आता 'सगळ्या' आणि 'नाहीत' एका वाक्यात आणत नाही. 'एकही' किंवा 'किमान एक' असं लिहिते, आणि चिठ्ठीखाली तिचं खोटं रूप स्वतःसाठी लिहून ठेवते. 'आणि'च्या बाबतीतही तेच करते: 'चेंडू लालमध्ये आणि अंगठी निळीत' हे खोटं असेल तर दोन्ही भाग चुकीचे असायलाच हवेत असं नाही, एक चुकला तरी पुरतं.

काल रात्री तो तक्ता पुन्हा बघताना एक सुंदर गोष्ट दिसली. 0 आणि 3 हेसुद्धा एकेकदाच आलेत. म्हणजे चिठ्ठ्यांचा एकही शब्द न बदलता वरची अट 'तिन्ही खोट्या' अशी केली तरी उत्तर एकमेव (लालमध्ये अंगठी, निळीत चेंडू), आणि 'तिन्ही खऱ्या' केली तरी एकमेव (लालमध्ये चेंडू, हिरवीत अंगठी). तीन चिठ्ठ्यांत तीन कोडी. फक्त 'नेमक्या दोन खऱ्या' या अटीला तीन उत्तरं येतात.

तेव्हा वाटलं, अशा चिठ्ठ्या शोधाव्यात की चारही अटींना एकेकच उत्तर असेल. बराच वेळ शब्द बदलत बसले. मग मोजलं: मांडण्या सहा, आणि प्रत्येकीला 0, 1, 2, 3 यांपैकी एक आकडा मिळणारच. चारही आकडे एकेकदाच आले तर चारच मांडण्या संपतात, दोन उरतात, आणि त्यांना याच चारांतला कुठला तरी आकडा घ्यावा लागतो. म्हणजे जास्तीत जास्त तीन आकडे एकेकदा येऊ शकतात, आणि मग उरलेला तीनदा. माझ्या तक्त्यात नेमकं तेच आहे.