गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा स्फोट आणि बोर्डाकडे केलेली तक्रार: माझा अनुभव

संध्याकाळी लोड वाढल्यावर आमच्या गल्लीतल्या डीपीच्या खालच्या पेटीतून ठिणग्या पडू लागल्या, काही मिनिटांत मोठा आवाज झाला, वर निळसर जाळ दिसला आणि लाईट गेली. सगळी घरं मात्र अंधारात गेली नव्हती. काही घरात दिवे नेहमीसारखे चालू, बाकीच्या घरात अगदी मंद, फ्रिज नुसता घुरघुरतोय. तक्रार करताना सगळ्यात उपयोगी पडली ती हीच माहिती. "ट्रान्सफॉर्मर फुटला, लवकर या" एवढंच सांगितलं असतं तर गाडी येऊन, बघून, सामान आणायला परत गेली असती.

ट्रान्सफॉर्मरपाशी मोठा आवाज झाला म्हणजे ट्रान्सफॉर्मरच फुटला असं नसतं. बऱ्याचदा उडतो तो वरच्या ११ केव्हीच्या बाजूचा डीओ, म्हणजे ड्रॉप आउट फ्यूज. आतली बारीक तार वितळते, नळीत वायू तयार होऊन बंदुकीसारखा बार होतो आणि नळी खाली लोंबकळते. रस्त्यावरून, लांबूनसुद्धा ती दिसते: तीनपैकी दोन नळ्या जागेवर आणि एक उलटी लटकलेली. कधी आकाशातल्या विजेपासून बचाव करणारा लाइटनिंग अरेस्टर फुटतो, तेव्हा चिनीमातीचे किंवा पॉलिमरचे तुकडे खाली पडतात. कधी बुशिंगवर, म्हणजे तार टाकीत शिरते तिथल्या चिनीमातीच्या नळीवर, जाळ होतो आणि तिथून तेल ओघळतं. टाकीच फुगली किंवा फाटली असेल तर तेल जमिनीवर येतं, जळका उग्र वास सुटतो. अशा वेळी ट्रान्सफॉर्मर बदलावाच लागतो, म्हणजे क्रेन आणि दुसरं युनिट आलं. खालच्या पेटीतला किटकॅट फ्यूज किंवा केबलच्या टोकाची लग जळाली असेल तर तासा-दोन तासांचं काम. म्हणून काय दिसतंय ते सांगायचं, काय बिघडलं ते त्यांना ठरवू द्यायचं.

काही घरात मंद दिवे का, याचंही कारण आहे. वरच्या बाजूच्या तीन तारांपैकी एक तुटली किंवा तिचा डीओ पडला की आतल्या एका गुंडाळीला पूर्ण दाब मिळतो आणि उरलेल्या दोन गुंडाळ्या तोच दाब निम्मा-निम्मा वाटून घेतात. त्यामुळे खाली एका फेजवर २३०-२४० व्होल्ट आणि दोन फेजवर साधारण ११५-१२० व्होल्ट येतात. या कमी दाबात फ्रिजचा कंप्रेसर सुरूच होत नाही, नुसता करंट ओढून तापतो. मेन स्विच लगेच पाडायचा. याच्या उलट काही घरात दिवे एकदम प्रखर आणि काही घरात मंद, असं होत असेल तर न्यूट्रल तुटल्याची शंका घ्यावी. तिथे एखाद्या घरात ३०० व्होल्टच्याही पुढे दाब जातो आणि टीव्ही, चार्जर उडतात. तिथे तर मेन पाडण्यात एक क्षणही घालवायचा नाही.

दुसरी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बार झाल्यावर कधी कधी सबस्टेशनमधून अख्खा फीडर, म्हणजे तिथून येणारी ११ केव्हीची लाइन, ट्रिप होतो आणि थोड्या वेळाने ऑपरेटर ट्रायल घेतो, म्हणजे पुन्हा चालू करून बघतो. तार खाली पडली असेल किंवा डीपीखाली माणसं उभी असतील, तर खरा धोका याच क्षणी असतो. लाईट गेली म्हणून तार मेली असं समजू नये. डीओ एक पडला तरी बाकीच्या दोनमधून ११ केव्ही येतच असतो. पडलेल्या तारेपासून निदान दहा मीटर लांब थांबायचं आणि कोणाला जवळ जाऊ द्यायचं नाही. तेलाने पेट घेतला असेल तर पाणी मारायचं नाही. अग्निशमन दलाला फोन करताना "वीज बंद झाल्याची खात्री नाही" हे सांगायचं आणि बोर्डाकडे फीडर बंद ठेवायला सांगायचं. दोन्ही फोन वेगवेगळे, कारण एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जाईलच याची खात्री नसते.

तक्रारीसाठी १९१२ लावला. ग्राहक क्रमांक हाताशी होता. तो बिलावर ठळक असतोच, पण जास्त महत्त्वाचा असतो डीटीसी क्रमांक, म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरचा क्रमांक. तो डीपीच्या खांबावर रंगवलेला असतो आणि बऱ्याच बिलांवर छापलेलाही असतो. एका गल्लीत दोन डीपी असतील तर याच्यावाचून गाडी चुकीच्या डीपीवर जाते. मी फोनवर बोललो ते साधारण असं:

"डीटीसी क्रमांक अमुक. खालच्या पेटीतून आधी ठिणग्या, मग मोठा बार. वरचा मधला डीओ खाली पडलेला दिसतोय. तेल गळताना दिसत नाही. तार पडलेली नाही, कोणी जखमी नाही. काही घरात पूर्ण लाईट, बाकीच्यांकडे मंद. पेटीतून अजून धूर येतोय, म्हणून डीपी आधी बंद करा. तक्रार क्रमांक सांगा."

यातलं "तेल गळत नाही" आणि "कोणी जखमी नाही" हे मुद्दाम सांगितलं. पहिल्यावरून कोणती टीम आणि काय सामान पाठवायचं ते ठरतं. दुसरं कायद्याचं आहे. माणूस किंवा जनावर जखमी झालं किंवा दगावलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अपघाताची सूचना द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षकाची चौकशी होते. असं काही घडलं असेल तर साध्या "लाईट नाही"च्या तक्रारीत ते दाबू देऊ नये.

तक्रार क्रमांक कागदावर लिहून शेजाऱ्यांना दिला आणि ज्यांचे ग्राहक क्रमांक वेगळे त्यांनीही आपापली तक्रार नोंदवली. पन्नास घरांची एकच तक्रार नोंदली गेली की कॉल सेंटरच्या पडद्यावर ती एका घराची दिसते, आणि एका घराच्या तक्रारीवर माणूस आधी मीटरपाशी जाऊन उभा राहतो.

वायरमन आला तेव्हा पहिली घाई होते ती डीओला नवी तार लावून चढवून बघायची. इथे रहिवाशांनीच "चढवा हो लवकर" म्हणून मागे लागू नये. डीओ उडतो तो काहीतरी कारण घडल्यावरच. खाली शॉर्ट तसाच असेल किंवा गुंडाळी जळाली असेल, तर चढवताक्षणी दुसरा बार होतो आणि तो माणूस काठी धरून बरोबर खाली उभा असतो. आमच्याकडे आधी लाइन बंद घेतली, खालच्या केबल सोडल्या आणि इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला: एचटी म्हणजे वरची ११ केव्हीची बाजू ते बॉडी, एलटी म्हणजे खालची बाजू ते बॉडी, आणि एचटी ते एलटी. रीडिंग चांगली आली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन शाबूत होतं. यापैकी एखादी शून्यावर गेली असती तर युनिट निकामी.

काम चालू असताना गल्लीतला कोणी जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय घरच्या वायरिंगला जोडत असेल तर त्याला आधी थांबवावं. ती वीज उलट दिशेने ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि वर हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडते. वायरमन म्हणूनच लाइन बंद घेतल्यावर तारा जमिनीशी जोडणारा डिस्चार्ज रॉड लावतात.

पेटी उघडल्यावर कारण समोर दिसलं. आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर फेजच्या केबलची लग सैल होती, भोवतालचं इन्सुलेशन कोळसा झालेलं, आणि किटकॅटमध्ये मापाच्या तारेऐवजी जाड तार पिळून घातलेली. सैल लग तापते, तापून आणखी सैल होते, ठिणग्या पडतात, मग शॉर्ट. त्या वेळी खालचा फ्यूज उडायला हवा होता. जाड तारेमुळे तो उडाला नाही आणि दोष वरच्या डीओपर्यंत गेला. जाड तार हा जुना रोग आहे: फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी जाड घालतं, आणि सारखा का उडतो हे बघायचं राहून जातं.

लग, केबलचा जळका तुकडा आणि किटकॅट बदलून लाईट त्याच रात्री आली. चालू करताना आधी बिनलोडचे दाब मोजले, मग एकेक केबल जोडली. आम्हीही घराघरातले मेन पाच-दहा मिनिटं थांबून चढवले, म्हणजे सगळ्यांचे एसी आणि मोटारी एकदम ओढत नाहीत.

लाईट आली की तक्रार बंद झाल्याचा मेसेज येतो, आणि बहुतेकांचं काम तिथे संपतं. माझ्या मते खरी तक्रार इथून सुरू होते, कारण फ्यूज का उडत होता हे अजून कोणी मोजलेलं नसतं. उपविभागाच्या कार्यालयात वेगळा अर्ज दिला आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतली. अर्जात आधीचा तक्रार क्रमांक, डीटीसी क्रमांक, जळालेल्या लगचा फोटो आणि तीनच मागण्या: संध्याकाळच्या सर्वाधिक लोडला तिन्ही फेजचा करंट मोजावा, किटकॅटमध्ये मापाची तार घालावी, अर्थिंग तपासावं. "ट्रान्सफॉर्मर मोठा बसवा" असं लिहिलं नाही. ते लिहिलं की उत्तर येतं, "मंजुरी व निधीनुसार कार्यवाही करू."

मोजणी झाली ती केबलभोवती चिमट्यासारखा धरायच्या टाँग टेस्टरने, माझ्यासमोर. ट्रान्सफॉर्मर २०० केव्हीए, म्हणजे एका फेजची क्षमता सुमारे २६६ अँपिअर. आर फेजवर ३१०, वायवर १९०, बीवर २४५. आर फेज क्षमतेच्या वर, पण तिन्हींची बेरीज ७४५, म्हणजे सारखे वाटले तर प्रत्येकी २४८. ट्रान्सफॉर्मर पुरत होता, वाटणी बिघडलेली होती. नवी कनेक्शनं देताना खांबावर हाताला येईल ती तार धरली की असंच होतं. मग काही इमारतींची कनेक्शनं आरवरून वायवर घेतली. अर्थात २४८ म्हणजे काठोकाठ आहे. गल्लीत आणखी एसी लागले की लोड शिफ्ट करणं किंवा मोठं युनिट लागेल, आणि तेव्हा ही मोजणी कागदावर हातात असेल.

अर्जाला उत्तर आलं नाही तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच असतो, त्याच्या वर विद्युत लोकपाल. दोन्ही वीज कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे आहेत. बंद पडलेला पुरवठा किती तासांत सुरू व्हावा, याच्या मुदती राज्याच्या वीज नियामक आयोगाने शहर आणि ग्रामीण भागासाठी वेगवेगळ्या ठरवलेल्या असतात, आणि उशिराची भरपाईही त्यातच असते. ती मागताना तक्रार नोंदवल्याची वेळ आणि पुरवठा आल्याची वेळ लागते. मेसेजचे स्क्रीनशॉट दोन्हींसाठी पुरतात, फक्त फोन बदलताना ते पुसले जाणार नाहीत एवढं बघावं.