त्याच्याच दराने त्याचं काम मोजलं

खानापूरच्या मास्तरांचा फोन आला तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा चालू होता. मी बेळगावात बांधकामाचं मोजमाप आणि मूल्यांकन करतो. ते निवृत्त शिक्षक, माझ्या मामांचे सहकारी, म्हणून थेट मुद्द्यावर आले. "अरे, ठेकेदार दोन महिने फिरकला नाही. उद्यापासून दुसरा गवंडी लावतोय. तू फक्त अंदाज सांग, किती खर्च येईल."

मी म्हटलं, "मास्तर, दुसऱ्या गवंड्याला थापी लावू देऊ नका. मी परवा येतो."

त्यांना हे कडक वाटलं असणार. पण दुसऱ्याचा हात लागला की पहिल्याने किती केलं, हे कायमचं पुसलं जातं. मग ठेकेदार म्हणतो, सगळं मीच केलं होतं, आणि तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. अशा प्रकरणांत लोकांचे पैसे इथेच बुडतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

ठेका सहा लाख चाळीस हजारांचा होता. मागच्या बाजूचं स्वयंपाकघर, बाथरूम, आतलं प्लास्टर आणि फरशी, वायरिंग, रंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग, एवढं त्यात होतं. करार शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दोन पानांचा आणि मुदत मार्चअखेरची. त्यासोबत ठेकेदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं दरपत्रक होतं. ते मास्तरांनी डिलीट केलं नव्हतं, आणि पुढे सगळं त्याच कागदावर उभं राहिलं. चार लाख ऐंशी हजार देऊन झाले होते, त्यातले चार लाख बँकेतून. ऐंशी हजार रोख दिलेले, पण काकूंच्या वहीत प्रत्येक तारखेपुढे ठेकेदाराची सही होती.

मोजमापाची वेळ ठरवून मी मास्तरांकरवी ठेकेदाराला दोन दिवस आधी मेसेज पाठवायला लावला: अमुक तारखेला सकाळी दहा वाजता झालेल्या कामाचं मोजमाप आहे, आपण किंवा आपला माणूस हजर राहावा. मेसेजवर निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तरी बोलावणं गेलं पाहिजे. माझ्या पाठीमागे मोजलं, असं त्याला नंतर म्हणता येऊ नये.

दहाला ठेकेदार आला नाही. साडेदहाला त्याचा मेस्त्री आला, सायकल लावून दारातच उभा राहिला. म्हणाला, "सर, मालक येत न्हाईत. मी आलोय. माझी पण तीन आठवड्यांची मजुरी अडकलीय." मी टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

आधी खडूने प्रत्येक भिंतीवर नंबर टाकले. फोटो तीन अंतरांवरून घ्यायचे: दारातून पूर्ण खोली, मग नंबर दिसेल अशी एक भिंत, मग टेप धरून नेमका दोष. नुसता तडा जवळून टिपला तर तो कुठल्या घरातला आहे हे कुणालाच कळत नाही. फोटो मास्तरांच्याच फोनवर काढले आणि मूळ फाइल तशाच ठेवल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आक्रसतो आणि आतली तारीख-वेळेची नोंद जाते, म्हणून माझ्याकडे पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं. पुढे ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेलं तर अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा पहिला भाग ज्याच्या फोनवर काढला तोच माणूस सरळपणे देऊ शकतो, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

बाथरूममध्ये टाइल्स दिसायला सुरेख होत्या. मी रुपयाचं नाणं घेऊन एकेक टाइल ठोकत गेलो. भरीव टाइल टक्‌ वाजते, खाली पोकळी असेल तर आवाज ढबढबीत येतो. दाराशेजारच्या नऊ टाइल्स पोकळ निघाल्या, त्यांवर खडूने फुल्या मारल्या. मग काकूंकडून तांब्याभर पाणी मागितलं आणि जाळीपासून चार फुटांवर ओतलं. एवढ्या अंतरात जाळीकडे पाऊण ते एक इंच उतार हवा. पाणी क्षणभर थांबलं आणि सावकाश दाराकडे, काकूंच्या पायांकडे सरकलं. त्याचा व्हिडिओ घेतला. उतार उलटा आहे हे वाक्य लिहिण्यापेक्षा ते वीस सेकंद जास्त बोलतात.

प्लास्टर मोजताना मी बारा ब्रास आणि साठ फूट लिहिलं; ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. मेस्त्री टेप गुंडाळता गुंडाळता थांबला. "सर, माळ्यामागचं राहिलं की. चाळीस फूट हाय तिकडं." शिडी लावून पाहिलं, खरंच होतं. मी ते धरून तेरा ब्रास केले. मास्तरांना आवडलं नाही. दोन हजार रुपये ठेकेदाराच्या खात्यात गेले ना! पण त्याचं खरं काम आपण सोडलं असतं तर तेवढ्या एका चुकीवर त्याने सगळं मोजमापच खोटं ठरवलं असतं.

चारच्या सुमारास आभाळ भरून आलं. खानापूरकडचा वळीव सांगून येत नाही. आम्ही गच्चीवर होतो. जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा ठेकेदाराने फोडून कोपऱ्यात रचला होता आणि खालचा स्लॅब दोन महिने उघडा होता. पहिले टपोरे थेंब पडले तसा मेस्त्री ताडपत्री शोधायला पळाला. मी मास्तरांना म्हटलं, फोन घेऊन खाली चला. पंधरा मिनिटांत नव्या प्लास्टरवर पंख्याच्या हुकाजवळ ओला डाग उमटला, रुंदावला, आणि थेंब नव्या फरशीवर पडू लागले. काकू बादली आणायला निघाल्या. मी म्हटलं, "काकू, दोन मिनिटं. आधी हे टिपू दे." त्यांच्या घरात पाणी येत असताना त्यांना थांबवणं मला जड गेलं. पण गच्चीचं काम अर्धवट सोडल्याचा परिणाम इतक्या स्पष्टपणे पुन्हा दिसला नसता. व्हिडिओ झाला आणि मग आम्ही चौघांनी मिळून ताडपत्री बांधली.

संध्याकाळी ओट्याच्या कच्च्या कडप्प्यावर कागद पसरून हिशेब मांडला. इथे बहुतेक लोक एक चूक करतात. नव्या गवंड्याकडून उरलेल्या कामाचा दर घेतात आणि तेवढी रक्कम मागतात. जुना ठेकेदार म्हणतो, हा दर मी कधी कबूल केला? मी फक्त त्याचेच दर वापरले. प्लास्टर त्याने ब्रासला पाच हजार लावलं होतं, तेरा ब्रासचे पासष्ट हजार. फरशी चारशेपैकी दीडशे फूट झालेली, दोनशेच्या दराने तीस हजार. ओटा नुसता बांधलेला, ग्रॅनाइट आणि टाइल्स नाहीत, म्हणून एक लाख दहापैकी बेचाळीस हजार. बाथरूमचे एक लाख चाळीसपैकी अठ्ठ्याहत्तर. वायरिंगच्या नळ्या पुरलेल्या पण तारा ओढलेल्या नाहीत, साठपैकी बावीस. गच्ची आणि रंग शून्य. एकूण दोन लाख सदतीस हजार. त्यात जागेवर पडलेल्या वाळू आणि टाइल्सचे साडेआठ हजार त्याच्या बाजूने मिळवले, बाथरूमची फरशी उखडून पुन्हा करण्याचे साडेसहा वजा केले. झालं दोन लाख एकोणचाळीस. दिलेले चार लाख ऐंशी. म्हणजे दोन लाख एक्केचाळीस हजार ठेकेदाराकडे जास्तीचे.

मोजमापाच्या कागदावर मास्तरांची, माझी आणि मेस्त्रीची सही झाली. शेजारच्या दोघांना साक्षीला घेतलं. मेस्त्रीला कागद कानडीतून वाचून दाखवला, तेव्हाच त्याने सही केली.

नोटीस बेळगावातल्या ओळखीच्या वकीलबाईंनी लिहिली. त्या मजकूर कानडी आणि मराठी दोन्हींत शेजारी शेजारी ठेवतात. कराराचा कागद मराठीत, ठेकेदाराचा व्यवहार कानडीत, तेव्हा "मला समजलं नाही" ही वाट बंद होते. त्यांनी मास्तरांना पहिला प्रश्न विचारला, "मार्चनंतर त्याला फोनवर काय म्हणालात?" मास्तर म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या आठवड्यात या, असं. दोन-तीनदा." बाईंनी मान हलवली. करार कायद्याच्या कलम 55 मध्ये, मुदत टळल्यावर उशिराचं काम काही न बोलता स्वीकारलं तर त्या उशिराची भरपाई मागण्याचा हक्क जातो. तसा हक्क राखून ठेवतोय हे स्वीकारतानाच कळवावं लागतं. म्हणून नोटिशीत ते वाक्य वेगळ्या परिच्छेदात घातलं.

"लवकरात लवकर" हा शब्द त्यांनी मसुद्यातून दोनदा खोडला. त्याऐवजी तारखा आल्या. 8 मेपर्यंत माणसं कामावर आणि लेखी वेळापत्रक. गच्ची सर्वांत आधी, 20 मेपर्यंत. बाकी सगळं 31 मे, संध्याकाळी सहापर्यंत. यातली एकही तारीख चुकली तर 7 जूनपर्यंत दोन लाख एक्केचाळीस हजार परत, आणि मास्तर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला मोकळे. तेही नाही झालं तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली बेळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फीही नव्हती. माझा अहवाल तिथे अंतिम ठरला असता असं नाही, आयोग स्वतःचा माणूस पाठवून तपासू शकतो. म्हणूनच तो कुणीही पुन्हा मोजून पाहावा असा केला होता.

नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने घरी आणि दुकानी, दोन्ही पत्त्यांवर गेली. तीच व्हॉट्सअ‍ॅपवर.

7 मेला रात्री ठेकेदार मास्तरांच्या घरी आला. मलाही बोलावलं होतं. आधी आवाज चढला, दुसऱ्या दोन साइटवर पैसे अडकल्याचं सांगून झालं. मग कागद हातात घेऊन तो पहिल्या ओळीपासून वाचू लागला. माळ्यामागचं प्लास्टर धरलंय का, हे त्याने आवर्जून विचारलं. मी ओळ दाखवली. वाळूचे पैसे? तीही ओळ दाखवली. त्यानंतर तो दरांवर बोललाच नाही, कारण ते त्याचेच होते. पूर्ण काम एकतीसपर्यंत जमणार नाही, हे त्याने तिथे पहिल्यांदा कबूल केलं.

मग तडजोड लिहिली. गच्ची आणि बाथरूम तो पूर्ण करणार, उलटा उतार त्याच्या खर्चाने सुधारणार, बाकीची कामं सोडणार. दोन लाख एक्केचाळीस हजारांतून गच्चीचे नव्वद, बाथरूमचे उरलेले बासष्ट आणि दुरुस्तीचे आधी कापलेले साडेसहा वजा जाता ब्याऐंशी हजार पाचशे परत. मेस्त्रीची अडकलेली मजुरी काम सुरू होण्याआधी द्यायची, हे काकूंनी घालायला लावलं. ते होईपर्यंत त्या आतून चहा घेऊन आल्या नाहीत.

गच्ची 19 मेला झाली. कोबा सुकल्यावर पन्हाळी बंद करून दोन इंच पाणी साठवलं, कठड्यावर खडूची रेघ मारली आणि दोन दिवस तसंच ठेवलं. उन्हाने पाणी रेघेच्या किंचित खाली आलं होतं. मेस्त्री शिडीवर चढला आणि पंख्याच्या हुकाभोवती तळहात फिरवला. "कोरडं हाय, मास्तर." चाळीस हजार त्याच दिवशी मास्तरांच्या खात्यात आले होते, उरलेले बेचाळीस हजार पाचशे जूनच्या पहिल्या आठवड्यात आले. त्यानंतरच मी दुसऱ्या गवंड्याला आत येऊ दिलं.